मिथ्याछाप, शास्ती आणि न्यायनिर्णय : अन्न कायद्यावरच्या परीक्षा नेमके काय विचारतात?

अन्न सुरक्षा अधिकारी पदाची एमपीएससीची परीक्षा असो, एफएसएसएआयची तांत्रिक अधिकारी किंवा केंद्रीय अन्न सुरक्षा अधिकारी पदांची परीक्षा असो, की अन्न विश्लेषकांची पात्रता परीक्षा असो, अन्न सुरक्षा व मानदे कायदा, 2006 मधल्या एका भागावर प्रश्न येतातच. तो भाग म्हणजे कलम 48 ते 80. गुन्हे, शास्ती, न्यायनिर्णय, अपील. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकांत हा भाग एका तक्त्यात बसवलेला असतो. डावीकडे कलम, मध्ये गुन्हा, उजवीकडे रक्कम. विद्यार्थी तो तक्ता पाठ करतात आणि परीक्षेत दोन-तीन गुण मिळवतात. पण याच भागावर पाच ओळींचा प्रसंग देऊन विचारलेला प्रश्न आला की तेच विद्यार्थी अडखळतात. तक्ता उत्तरादाखल रक्कम देतो. प्रसंग मात्र विचारतो की हा माल कोणत्या वर्गातला, प्रकरण कोणापुढे जाणार आणि निकालाविरुद्ध दाद कुठे मागायची.

या साऱ्या प्रश्नांचा गाभा मिथ्याछाप मालाच्या कलमात आहे, असे माझे मत आहे. ते कलम नीट कळले की बाकीचे आपोआप जागेवर बसते. म्हणून या आढाव्यात मी तेच धरून चालणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. 5 ऑगस्ट 2011 पासून हा कायदा आणि त्याखालचे नियम प्रत्यक्ष लागू झाले. त्याआधी अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा, 1954 होता. त्या जुन्या कायद्यात मिथ्याछाप मालाचा खटला फौजदारी न्यायालयात चालायचा आणि साधारणपणे किमान सहा महिने कारावासाची तरतूद होती. लेबलवर एक ओळ राहून गेली म्हणून दुकानदार वर्षानुवर्षे न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तारखा करत बसे. नव्या कायद्याने इथे मूलभूत बदल केला. ज्या चुकीने माल आरोग्याला अपायकारक होत नाही, तिच्यासाठी तुरुंग नाही, फक्त पैशाची शास्ती. आणि ती ठरवणार न्यायालय नव्हे, तर न्यायनिर्णय अधिकारी. या एका निर्णयातून प्रश्नपत्रिकेतले निम्मे पर्याय जन्माला येतात.

कायदा दोषी मालाचे मुख्यतः तीन वर्ग करतो : मिथ्याछाप, कमी दर्जाचा आणि असुरक्षित. कमी दर्जाचा माल म्हणजे जो ठरवून दिलेल्या मानकांत बसत नाही, पण तेवढ्याने असुरक्षित होत नाही. असुरक्षित माल म्हणजे ज्याचे स्वरूप, घटक किंवा गुणवत्ता अशी बिघडली आहे की तो आरोग्याला अपाय करतो. मिथ्याछाप मालात मात्र दोष बऱ्याचदा पदार्थात नसून त्याच्याबद्दल केलेल्या विधानात असतो. कलम 3 मधली मिथ्याछापची व्याख्या लांब आहे, पण तिच्यात तीनच प्रकारची फसवणूक आहे. पहिली, दाव्याची आणि नावाची : लेबलवर किंवा जाहिरातीत खोटा, दिशाभूल करणारा दावा, एका पदार्थाच्या नावाने दुसरा पदार्थ विकणे, किंवा अस्तित्वात नसलेल्या माणसाचे वा कंपनीचे नाव उत्पादक म्हणून छापणे. दुसरी, बंद पाकिटाच्या रूपाची : दुसऱ्या पदार्थाची हुबेहूब नक्कल, घटकांबद्दल खोटी चित्रे वा विधाने, किंवा जिथला माल नाही तिथला म्हणून विकणे. तिसरी, न सांगितलेल्या गोष्टींची : पाकिटात कृत्रिम रंग, स्वाद किंवा रासायनिक परिरक्षक आहे, पण लेबलवर तसे जाहीर केलेले नाही.

परीक्षेत तिसरा प्रकार सर्वांत जास्त फसवतो, कारण तिथे कोणी खोटे बोललेले नसते, फक्त गप्प राहिलेले असते. एक प्रसंग घेऊ. तो काल्पनिक आहे, पण यातली प्रत्येक पायरी कायद्यातली आणि नियमांतली आहे.

सांगलीजवळचा एक लघुउद्योजक कैरीचे लोणचे बनवतो. लोणचे टिकावे म्हणून त्यात सोडियम बेंझोएट घालतो, आणि तेही विहित मर्यादेच्या आत. लोणच्याची चव, तेल, मीठ, सारे मानकांत आहे. फक्त बाटलीवरच्या लेबलवर परिरक्षकाचा उल्लेख नाही. अन्न सुरक्षा अधिकारी एका किराणा दुकानातून या लोणच्याचा नमुना घेतात. प्रश्न असा : हा माल कोणत्या वर्गात मोडतो आणि कमाल शास्ती किती?

घाईत वाचणारा 'परिरक्षक' शब्द पाहून 'असुरक्षित' हा पर्याय निवडतो. थोडा विचार करणारा 'कमी दर्जाचा' निवडतो. दोन्ही चूक. परिरक्षक मर्यादेत आहे, म्हणून मानक मोडलेले नाही. अपाय नाही, म्हणून माल असुरक्षित नाही. जाहीर केले नाही, एवढाच दोष. माल मिथ्याछाप, कलम 52 लागू, शास्ती तीन लाख रुपयांपर्यंत. आता प्रसंगातले एकच वाक्य बदला : परिरक्षक मर्यादेपेक्षा जास्त निघाले. मग उत्तर बदलते. अन्न विश्लेषकाच्या अहवालावर माल कमी दर्जाचा की असुरक्षित हे ठरेल. कमी दर्जाचा ठरला तर कलम 51, पाच लाखांपर्यंत. असुरक्षित ठरला तर कलम 59, आणि मग तुरुंगाचा प्रश्न येतो. चांगला प्रश्नकर्ता पर्याय नेमके या वाक्याच्या भोवती रचतो.

आता हा नमुना पुढे कुठे जातो ते पाहू, कारण प्रश्नांचा दुसरा मोठा गठ्ठा इथे आहे. अधिकारी नमुन्याची किंमत चुकवतात, साक्षीदार बोलावतात आणि नमुन्याचे चार भाग करून मोहोरबंद करतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे सुरक्षित राहतात, आणि व्यावसायिकाने मागणी केली तर चौथा भाग अधिस्वीकृत प्रयोगशाळेत जातो. परीक्षेत 'दोन भाग', 'तीन भाग' असे पर्याय देऊन हे हमखास विचारले जाते. तीन भाग जुन्या 1954 च्या कायद्यात होते, म्हणून जुनी पुस्तके वाचणारा फसतो.

विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहवाल मान्य नसेल तर व्यावसायिक तीस दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करू शकतो. त्या अधिकाऱ्याला योग्य वाटले तर तो नमुना निर्देशित प्रयोगशाळेकडे पाठवतो, आणि तिचा अहवाल अंतिम. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवायची : अहवालाविरुद्धचे हे अपील आणि शास्तीच्या आदेशाविरुद्धचे अपील या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. दोन्हींना तीस दिवसच आहेत. विद्यार्थी दोन्ही एक समजतात आणि 'अहवालाविरुद्ध अपील न्यायाधिकरणाकडे' असे उत्तर देऊन बसतात. अहवालाविरुद्ध पदनिर्देशित अधिकारी, आदेशाविरुद्ध न्यायाधिकरण.

अहवाल कायम राहिला की पदनिर्देशित अधिकारी एकच गोष्ट तपासतो : या गुन्ह्याला कारावास आहे, की फक्त पैसा? कलम 42 चा सारा जीव या प्रश्नात आहे. कारावास असेल तर शिफारस अन्न सुरक्षा आयुक्तांकडे जाते, ते खटल्याला मंजुरी देतात, आणि प्रकरण न्यायालयात जाते. तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाच्या गुन्ह्यासाठी साधे न्यायालय, त्याहून जास्त असेल तर, जिथे स्थापन झाले आहे तिथे, विशेष न्यायालय. कारावास नसेल तर आयुक्तांच्या मंजुरीची गरज नाही. पदनिर्देशित अधिकारी अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे अर्ज दाखल करायला अधिकृत करतो. आपल्या लोणच्याचे प्रकरण या दुसऱ्या वाटेने जाते.

न्यायनिर्णय अधिकारी कोण? कलम 68 म्हणते, राज्य शासनाने अधिसूचित केलेला, अपर जिल्हादंडाधिकाऱ्याहून कमी नसलेल्या दर्जाचा अधिकारी. अनेक राज्यांत अपर जिल्हादंडाधिकारीच हे काम करतात. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचे सह आयुक्त (अन्न) न्यायनिर्णय अधिकारी म्हणून आदेश काढतात. राज्यात वावरणाऱ्या उमेदवाराने हे दोन्ही माहीत ठेवावे, पण प्रश्नात 'कायद्यानुसार किमान दर्जा' असे शब्द असतील तर उत्तर अपर जिल्हादंडाधिकारी हेच. पर्यायांत 'अन्न सुरक्षा आयुक्त' किंवा 'पदनिर्देशित अधिकारी' दिसला तर तो सापळा समजावा. पदनिर्देशित अधिकारी शास्ती ठरवत नाही. त्याला, आयुक्तांनी तसा अधिकार दिला असेल तर, फक्त तडजोड करता येते, आणि ती वेगळी गोष्ट आहे.

न्यायनिर्णय अधिकारी नोटीस देतो, म्हणणे मांडायची संधी देतो, साक्षीपुरावा घेतो. त्याला दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार असतात. पहिल्या सुनावणीपासून नव्वद दिवसांत आदेश व्हावा, असे नियम सांगतात. मग रक्कम. कलम 52 मध्ये 'तीन लाखांपर्यंत' असे आहे, म्हणजे तीन लाख ही कमाल मर्यादा, ठरलेली रक्कम नव्हे. प्रत्यक्ष किती, हे कलम 49 वरून ठरते. गुन्ह्यातून किती नफा किंवा गैरफायदा झाला, कोणाला किती तोटा झाला किंवा होऊ शकला असता, चूक पुन्हा पुन्हा झाली का, आणि ती अजाणता झाली का. आपल्या लोणचेवाल्याला परिरक्षक लपवून काही नफा झाला नाही, ग्राहकाला अपाय झाला नाही, पहिलीच चूक आहे. तेव्हा तीन लाखांपेक्षा खूपच कमी शास्ती अपेक्षित आहे. कलम 52 एक आणखी गोष्ट देते, जी तक्त्यात क्वचितच छापलेली असते : न्यायनिर्णय अधिकारी लेबल दुरुस्त करून घेण्याचा, किंवा दुरुस्त होत नसेल तर माल नष्ट करण्याचा आदेश देऊ शकतो. 'मिथ्याछाप मालाला फक्त शास्ती होते' हे विधान म्हणून चूक ठरते.

इथे लोणचेवाला म्हणेल, माझा व्यवसाय लहान आहे, माझ्याकडे परवाना नाही, नोंदणी आहे, मला सवलत नाही का? हा प्रश्न परीक्षेतही येतो, आणि त्यावर चुकीचे उत्तर सर्रास दिले जाते. कलम 31(2) मध्ये येणाऱ्या छोट्या व्यावसायिकांसाठी पंचवीस हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे, हे खरे. पण ती कलम 50 मध्ये आहे, म्हणजे मागितलेल्या स्वरूपाचा, घटकांचा किंवा गुणवत्तेचा माल न देणाऱ्यासाठी. कलम 52 मध्ये ती नाही. छोट्या व्यावसायिकाला मिथ्याछाप प्रकरणात दिलासा मिळतो तो कलम 69 च्या तडजोडीतून. तिथे छोटे उत्पादक, किरकोळ विक्रेते, फेरीवाले, तात्पुरत्या टपऱ्यांवाले यांच्याकडून एक लाखापर्यंत रक्कम घेऊन प्रकरण मिटवता येते. ज्या गुन्ह्याला कारावास आहे, त्याची तडजोड मात्र होत नाही.

दुकानदाराचे काय? नमुना त्याच्या दुकानातून घेतला. तो म्हणतो, मला काय माहीत लेबलवर काय हवे होते. कलम 80 इथे दोन गोष्टी वेगळ्या करते. आपण सर्व वाजवी खबरदारी घेतली, योग्य ती दक्षता बाळगली, हे सिद्ध केले तर तो बचाव आहे. पण वस्तुस्थितीबद्दल चुकीचा, जरी प्रामाणिक आणि वाजवी असला तरी, समज होता, हा बचाव नाही. हे दोन पर्याय शेजारी ठेवून विचारले तर चांगले अभ्यासूही गोंधळतात, कारण रोजच्या नीतीत प्रामाणिक चूक माफ असते. या कायद्यात माफी दक्षतेला आहे. मालाची खरेदी बिलावर, पुरवठादाराच्या हमीसह केली, परवाना क्रमांक तपासला, हे दुकानदाराने दाखवायचे असते.

आदेश झाला. लोणचेवाल्याला तो मान्य नाही. तीस दिवसांत अन्न सुरक्षा अपील न्यायाधिकरणाकडे जायचे. त्याचा पीठासीन अधिकारी जिल्हा न्यायाधीश असतो किंवा राहिलेला असतो. तिथेही पटले नाही तर साठ दिवसांत उच्च न्यायालय. दिवाणी न्यायालयाला या प्रकरणांत हात घालता येत नाही. शास्ती भरली नाही तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते आणि भरेपर्यंत परवाना निलंबित राहतो. या साखळीच्या शेजारी दुसरी साखळी ठेवा : विशेष न्यायालयाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात पंचेचाळीस दिवस, आणि ते अपील किमान दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे. तीस, साठ, पंचेचाळीस हे आकडे सुटे पाठ केले की मिसळतात. कारावास नसलेली वाट तीस आणि साठची, विशेष न्यायालयाची वाट पंचेचाळीसची, असे धरले की ते मिसळत नाहीत.

आता मिथ्याछापच्या सीमेवर जाऊ, कारण अवघड प्रश्न तिथून येतात. व्याख्या म्हणते की जाहिरातीतला खोटा दावाही माल मिथ्याछाप करतो. पण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कलम 53 वेगळे आहे आणि तिथली कमाल शास्ती दहा लाख आहे. मग टीव्हीवर 'या पेयाने मुलांची उंची दुप्पट वेगाने वाढते' असा दावा आला, तर तीन लाख की दहा लाख? उत्तर कृतीवर अवलंबून आहे. कलम 52 माल बनवणाऱ्या, साठवणाऱ्या, विकणाऱ्या, वाटणाऱ्या, आयात करणाऱ्याला पकडते. कलम 53 जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्याला आणि तिच्यात सहभागी असणाऱ्याला पकडते. दोन्ही एकाच प्रकरणात लागू शकतात. कलम 53 मध्ये एक महत्त्वाचे पोटकलम आहे : लेबलवर किंवा जाहिरातीत पदार्थाचे घटक अचूक सांगितले होते, म्हणून कोणी सुटत नाही. पाकिटावर 'साखर 40 टक्के' असे बरोबर छापले आणि समोर मोठ्या अक्षरांत 'आरोग्यासाठी उत्तम' म्हटले, तर खाली छापलेला बरोबर आकडा वाचवत नाही. या पोटकलमावर प्रश्न विचारला गेला तर तो मला खरा कसोटीचा प्रश्न वाटेल, कारण त्यात कायद्याचा हेतू दिसतो.

दुसरी सीमा मिथ्याछाप आणि असुरक्षित यांच्यातली. अनेक मार्गदर्शक पुस्तके या दोहोंना वेगवेगळ्या पेट्यांत टाकतात आणि मध्ये भिंत उभी करतात. कायद्यात ती भिंत नाही. असुरक्षित अन्नाच्या व्याख्येतच असे म्हटले आहे की माल मिथ्याछाप किंवा कमी दर्जाचा असल्यामुळेही तो असुरक्षित ठरू शकतो, जर त्यामुळे आरोग्याला अपाय होत असेल. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या माणसाला विकलेल्या चिवड्याच्या पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख नसणे, ही लेबलची चूक आहे आणि जिवावर बेतणारी चूकही आहे. लोणच्यातल्या मर्यादेतल्या परिरक्षकाचे मौन आणि चिवड्यातल्या शेंगदाण्याचे मौन यांना एकच कलम लावणे चुकीचे होईल. प्रसंगात अपाय दिसला की आधी कलम 59 तपासायचे आणि मगच 52 कडे यायचे.

या सीमेवरचे सर्वांत प्रसिद्ध प्रकरण महाराष्ट्रात घडले. 2015 मध्ये एफएसएसएआयने 5 जूनला मॅगी नूडल्सच्या विक्रीवर बंदीचा आदेश काढला आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राच्या अन्न सुरक्षा आयुक्तांनीही तसाच आदेश काढला. आक्षेप तीन होते : शिशाचे प्रमाण मर्यादेबाहेर असल्याचा, 'नो अॅडेड एमएसजी' या लेबलवरच्या दाव्याचा, आणि एका ओट्सच्या प्रकाराला आवश्यक मान्यता न घेतल्याचा. हे तीन आक्षेप तीन वेगळ्या वर्गांतले आहेत, हे अभ्यासूने लगेच ओळखावे. शिसे असुरक्षिततेचा प्रश्न, लेबलवरचा दावा मिथ्याछापचा, मान्यतेचा मुद्दा नियमभंगाचा. सार्वजनिक चर्चेत मात्र तिन्ही एकच 'बंदी' म्हणून मिसळले. 13 ऑगस्ट 2015 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळली गेली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती, त्यांच्या अधिस्वीकृतीवर न्यायालयाने बोट ठेवले. न्यायालयाने अधिस्वीकृत प्रयोगशाळांत नव्याने चाचण्या करायला सांगितल्या. परीक्षेच्या दृष्टीने यातला धडा कोणता? नमुना आणि प्रयोगशाळेची प्रक्रिया चुकली तर गुन्ह्याचा वर्ग कितीही गंभीर असो, कारवाई टिकत नाही. कलम 43 आणि 47 वरचे प्रश्न म्हणून शास्तीच्या प्रश्नांइतकेच मोलाचे आहेत.

आता एक अडचण, जी सध्याच्या प्रश्नसंचांत फार दिसते. 2023 च्या जन विश्वास कायद्याने अन्न कायद्यातल्या काही तरतुदी बदलल्या. कलम 59 च्या पहिल्या भागात, म्हणजे असुरक्षित अन्नाने कोणाला इजा झालेली नाही अशा प्रकरणात, आधी सहा महिन्यांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड होता. आता तीन महिन्यांपर्यंत कारावास आणि तीन लाखांपर्यंत दंड आहे. कलम 61 आणि 63 मध्येही बदल झाले. बाजारातल्या बऱ्याच प्रश्नसंचांत अजून जुनेच आकडे आहेत. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे, या बदलाने रकमेवरून वर्ग ओळखण्याची पद्धतच निकामी झाली. मिथ्याछाप मालाला तीन लाखांपर्यंत, इजा नसलेल्या असुरक्षित मालाला तीन लाखांपर्यंत, साधी इजा झालेल्या प्रकरणात कारावासाबरोबर तीन लाखांपर्यंत, आणि कलम 65 खाली गंभीर इजेची नुकसानभरपाई तीन लाखांपर्यंत. चार ठिकाणी तोच आकडा. आकडा पाठ करणारा इथे अडकतोच. फरक कारावासात आहे, आणि तिथेच वाट फुटते : एकीकडे न्यायनिर्णय अधिकारी, दुसरीकडे न्यायालय.

नुकसानभरपाईचे कलम 65 येथेच सांगतो, कारण तिथे शब्दांत सापळा आहे. मृत्यू झाला तर पाच लाखांपेक्षा कमी नाही. गंभीर इजा, तीन लाखांपर्यंत. इतर इजा, एक लाखापर्यंत. एकीकडे किमान मर्यादा, बाकी दोन्हीकडे कमाल मर्यादा. प्रश्नात 'कमाल पाच लाख' असे छापले असेल तर ते विधान चूक आहे. आणि ही भरपाई न्यायालयाबरोबरच न्यायनिर्णय अधिकारीही देऊ शकतो.

भारतीय दंड संहिता आणि अन्न कायदा यांच्यातल्या संघर्षावरही आता प्रश्न अपेक्षित आहेत. महाराष्ट्राला हा विषय जवळचा आहे, कारण गुटखा बंदीच्या प्रकरणांत पोलिसांनी दोन्ही कायदे एकत्र लावले होते. 2018 मध्ये महाराष्ट्र शासन विरुद्ध सय्यद हसन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दोन्हीखाली कारवाईला अडथळा नाही. मग फेब्रुवारी 2024 मध्ये राम नाथ विरुद्ध उत्तर प्रदेश शासन या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कलम 89 मुळे अन्न कायद्याचे कलम 59 दंड संहितेच्या कलम 272 आणि 273 वर वरचढ आहे. त्यामुळे असुरक्षित अन्नासाठी एकाच वेळी दोन्ही लावता येत नाहीत. प्रश्नसंचात फक्त 2018 चा निकाल सांगून 'दोन्ही कायदे नेहमी एकत्र लागतात' असे उत्तर दिले असेल तर ते अपुरे आहे. 272 आणि 273 आता भारतीय न्याय संहितेत 274 आणि 275 या क्रमांकांनी आहेत, तेही लक्षात ठेवावे.

पुनरावृत्तीचे कलम 64 मात्र प्रश्नकर्त्यांनी जरा जपून वापरावे, असे मला वाटते. ते कलम आधी दोषी ठरलेल्या आणि त्याच गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरलेल्या माणसाबद्दल बोलते : शिक्षा दुप्पट, चालू राहणाऱ्या गुन्ह्यासाठी रोज एक लाखापर्यंत दंड, परवाना रद्द. त्याची भाषा दोषसिद्धीची आहे, आणि न्यायनिर्णय अधिकारी शास्ती लावतो, दोषी ठरवून शिक्षा देत नाही. मग मिथ्याछाप माल दुसऱ्यांदा पकडला तर कलम 64 लागते का? यावर वकील दोन्ही बाजूंनी वाद घालू शकतात. चार पर्यायांच्या प्रश्नात याचे एकच 'बरोबर' उत्तर देणे विद्यार्थ्यावर अन्याय आहे. कलम 77 च्या मुदतीबद्दलही तेच. ते एक वर्षाची, आणि आयुक्तांच्या लेखी कारणांसह तीन वर्षांपर्यंतची मुदत न्यायालयाने दखल घेण्यासाठी सांगते. न्यायनिर्णय अधिकारी म्हणजे न्यायालय असे त्यात कुठे लिहिलेले नाही. प्रश्नात 'न्यायालय' शब्द असेल तरच ती मुदत सरळ लागू करावी.

प्रश्न तयार करणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे की 'कलम 52 मध्ये किती शास्ती' अशा प्रश्नांची संख्या कमी करावी. ज्याला उद्या सांगलीच्या किंवा नागपूरच्या बाजारात नमुना घ्यायचा आहे, त्याला तो आकडा पुस्तकात पाहता येईल. त्याला न चुकता जमले पाहिजे ते लोणच्याच्या बाटलीवरची चूक आणि चिवड्याच्या पाकिटावरची चूक वेगळी ओळखणे. विद्यार्थ्यांनी मूळ कायदा आणि 2011 चे नियम वाचावेत, प्रत्येक प्रसंगात प्रथम 'अपाय आहे का' आणि मग 'कारावास आहे का' हे दोन प्रश्न विचारावेत, आणि हातातल्या प्रश्नसंचात कलम 59 चा पहिला भाग अजून 'सहा महिने आणि एक लाख' असाच छापला असेल, तर तो संच बाजूला ठेवावा.